निवृत्तिवेतनाचा हक्क आणि सेवापुस्तकाचे पान

मार्च २०२३ च्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपाने जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न वर्ध्यापासून मुंबईपर्यंत ऐरणीवर आणला, तेव्हापासून आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे एक मत मी वारंवार ऐकत आलो आहे. निवृत्तिवेतन जर हक्काचे आहे, तर निवृत्तीपूर्वी आस्थापना शाखेकडे अर्ज करून त्याचा अंदाज मागणे ही याचना होय, आणि याचनेने हक्क क्षीण होतो, असे ते म्हणतात. हे मत स्वाभिमानाचे आहे, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

त्यांचा सारा भर नाकरा खटल्यावर असतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला की, निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रावर माझीही श्रद्धा आहे. मात्र त्यात वाद कशाचा होता, हे आमचे स्नेही विसरतात. ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना गणनेचे उदार सूत्र आणि आधीच्यांना जुने, हा भेद न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. सूत्र सर्वांना समान मिळाले, परंतु त्या सूत्रात घालावयाचे आकडे, म्हणजे अमक्याची सेवा किती आणि अखेरचे वेतन किती, हे कोणत्याही न्यायालयाने ठरविलेले नाही. ते ठरते सेवापुस्तकात, आणि सेवापुस्तक असते कार्यालयाच्या कपाटात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हिंगणघाटच्या तहसील कार्यालयातील एका अव्वल कारकुनाचे अखेरचे मूळ वेतन ६०,४०० रुपये आणि सेवा ३० वर्षे ४ महिने आहे. तीन महिने वा अधिक असा अपूर्णांक एक सहामाही धरला जातो, म्हणून ६१ सहामाही झाल्या. वीस वर्षांहून अधिक अर्हताकारी सेवा असल्यामुळे निवृत्तिवेतन वेतनाच्या निम्मे, ३०,२०० रुपये. आणि प्रत्येक सहामाहीस पाव वेतन या हिशेबाने उपदान ९,२१,१०० रुपये. आता समजा, आर्वीच्या कार्यालयात असतानाच्या तीन वर्षांपुढे ‘सेवा पडताळणी केली’ हा वार्षिक शेरा व कार्यालय प्रमुखांची सही नाही, आणि त्या काळची वेतन देयकेही सापडत नाहीत. त्या सहा सहामाही वगळल्या तर उपदान ८,३०,५०० वर येते, परंतु निवृत्तिवेतन तेच राहते. उलट, एखादी वेतनवाढ चुकून दिली गेल्याचे वेतन पडताळणी पथकाने दाखविले आणि वेतन ५८,६०० ठरले, तर निवृत्तिवेतन २९,३०० होते, आणि वसुलीचा प्रश्नही उभा राहतो.

हे उदाहरण मांडीपर्यंत, अर्जात प्रथम अंदाजाची रक्कम मागावी असे माझेही मत होते. आता मला वाटते की रक्कम दुय्यम आहे, सेवेचा गोषवाराच मुख्य आहे. अंदाज कार्यालयास बांधून ठेवत नाही; अंतिम मंजुरी विदर्भापुरती नागपूरच्या महालेखापालांकडून येते. गोषवारा मात्र चूक नेमकी कोणत्या पानावर आहे ते दाखवतो, आणि ती पुरावा हाती असतानाच दुरुस्त होऊ शकते.

म्हणून कार्यालय प्रमुखांच्या नावे लिहावयाच्या पत्राचा मजकूर असा असावा: ‘मी अमुक तारखेस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. माझ्या मूळ सेवापुस्तकावरून नियुक्तीची तारीख, प्रत्येक कार्यालयातील सेवेचा कालावधी, पडताळणी झालेली व न झालेली वर्षे, अर्हतेत न मोजलेली रजा वा खंड आणि वेतननिश्चितीच्या तारखा यांचा गोषवारा लेखी मिळावा. तसेच सध्याच्या वेतनावर निवृत्तिवेतन, उपदान व अंशराशीकरण यांचा अंदाज, गणनेसह, द्यावा. माझ्याजवळील दुय्यम सेवापुस्तकाशी मी तो गोषवारा ताडून पाहू इच्छितो.’ रजेचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण वैद्यकीय प्रमाणपत्राविना घेतलेली असाधारण रजा सामान्यतः अर्हताकारी सेवेत धरली जात नाही, आणि तरुणपणी घेतलेली अशी रजा माणूस विसरलेला असतो.

पत्र दोन प्रतींत सादर करून आवक क्रमांकाची पोच दुसऱ्या प्रतीवर घ्यावी. वेळेचेही भान हवे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षे आधी कागदपत्रांची तयारी सुरू व्हावयाची असते आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जावयाचे असते. अर्ज त्या दोन वर्षांच्या आरंभीच गेला, तर आर्वीची जुनी देयके शोधण्यास, तेथील कार्यालयाकडून प्रमाणपत्र आणण्यास आणि न जमल्यास सहकाऱ्यांच्या लेखी जबान्यांसह प्रकरण वरिष्ठांकडे नेण्यास अवधी राहतो. अखेरच्या महिन्यात तोच दोष निघाला, तर प्रकरण आक्षेपासह परत येते.

स्नेह्यांना माझे सांगणे इतकेच आहे की, ज्या नोंदीवर हक्काची मोजणी होते ती पाहावयास मागण्यात याचना नाही. आर्वीच्या त्या तीन वर्षांसाठी कार्यालयाला नाकरा निकालाची प्रत दाखवून काहीही साधणार नाही. तेथे त्या वर्षांचे वेतन देयक लागेल, आणि ते शोधण्याचा आदेश निघण्यासाठी आधी हा अर्ज दाखल असावा लागेल.