उरलेला अर्धा दगड

आपण केलेली लबाडी पंधरा वर्षं कुणाला कळणारच नसेल, तर माणूस प्रामाणिक का राहील?

प्रश्न जुना आहे. प्लेटोने तो अंगठीच्या गोष्टीतून विचारला होता. अंगठी फिरवली की गायजेस नावाचा मेंढपाळ अदृश्य व्हायचा, आणि पकडले जाण्याची भीती गेल्यावर त्याने काय काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र ही अंगठी नेहमी थोडी खोटी वाटायची, कारण अदृश्य कोणी होत नाही. पण एका व्यवसायाबद्दल जवळून ऐकल्यावर लक्षात आलं, की अदृश्य व्हायची गरजच नसते. कृती आणि तिचा परिणाम यांच्यात पुरेशी वर्षं आली की झालं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या कामात हे अंतर मिनिटांचं असतं. दुपारी चुकीचा कोड चढवला, तर चहा होण्याआधी अलर्ट येतो. कोणती ओळ कुणी लिहिली हे `git blame` सांगतं. त्यामुळे मी कामात प्रामाणिक आहे असं म्हणताना मला एक शंका येते: मी प्रामाणिक आहे, की फक्त पकडला जाण्याच्या अंतरावर आहे?

माझी मावसबहीण भूगर्भशास्त्रज्ञ आहे. एम.एस्सी. झाल्यापासून ती खनिजांच्या शोधकामात आहे. पावसाळा संपला की जाते, उन्हाळा टिपेला पोचला की परत येते. सध्या ती मध्य भारतातल्या एका डोंगरावर लोहखनिजाच्या ड्रिलिंगवर आहे. तंबू, एक जीप, ड्रिलिंगची माणसं, आणि रेंज हवी असेल तर पाऊण तास चढ. घरच्यांना वाटतं ती दगड फोडते. खरं तर तिचा बराचसा वेळ एका वहीत जातो, आणि मला सांगायचंय ते त्या वहीबद्दलच.

डोंगराच्या पोटात खनिज किती आहे हे कळायला पोकळ बिट लावून भोक पाडतात. बिट गोल कापत खाली जातं आणि मधला दगड दंडगोलासारखा नळीत शिरतो. त्याला कोअर म्हणतात. साधारण तीन मीटर कापून झालं की नळी वर काढतात. या एका खेपेला रन म्हणतात. कोअर लांब खोक्यांत ओळीने लावतात, रन संपला तिथे खोली लिहिलेली ठोकळी ठेवतात. मग भूगर्भशास्त्रज्ञ बसून लिहिते: इतक्या खोलीपासून इतक्या खोलीपर्यंत हा दगड, मग हा, मग इथे खनिज. याला लॉगिंग म्हणतात.

ऐकायला सोपं आहे, पण तीन मीटर कापलं म्हणून तीन मीटर दगड वर येतोच असं नाही. बिट थंड राहावं म्हणून भोकात सतत पाणी सोडलेलं असतं आणि मऊ, भुसभुशीत भाग त्या पाण्याबरोबर वाहून जातो. लोहखनिजात ही अडचण फार वाईट आहे, कारण काही ठिकाणी सगळ्यात उत्तम खनिजच पिठासारखं असतं. त्याला ब्लू डस्ट म्हणतात. म्हणजे टाकाऊ कठीण दगड खोक्यात छान येतो, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला ते पाण्यात जातं.

ताईने मला एका रनचं उदाहरण दिलं. ८४ मीटरपासून ८७ मीटरपर्यंत कापलं. खोक्यात आलं २.४ मीटर. वरचा दीड मीटर कठीण पट्टेदार दगड, खालचं ९० सेंटिमीटर भुसभुशीत खनिज. उरलेले ६० सेंटिमीटर कुठे आहेत?

आता पर्याय बघा. पहिला: गेलं ते खनिजच, कारण मऊ तेच होतं, मग खनिजाची जाडी दीड मीटर लिहायची. दुसरा: जे दिसतं तेवढंच लिहायचं, ९० सेंटिमीटर. तिसरा: तुकडे जरा विरळ मांडायचे म्हणजे २.४ चे २.९ दिसतात आणि प्रश्नच उरत नाही. या तिसऱ्याची ओढ सगळ्यात जास्त. ड्रिलिंगच्या करारात बऱ्याचदा अट असते की अमुक टक्के कोअर मिळालाच पाहिजे, नाहीतर पैसे कापले जातील. खोकी लावणारा माणूस त्या ठेकेदाराचा असतो. इथे मिळकत ८० टक्के आहे.

६० सेंटिमीटरने काय फरक पडतो, असं मी विचारलं. तिने मातीवर काडीने हिशेब केला. भोकं शंभर-शंभर मीटरवर असतील, तर एक भोक दहा हजार चौरस मीटरचं प्रतिनिधी असतं. त्यावर ६० सेंटिमीटर म्हणजे सहा हजार घनमीटर. घनमीटरला तीन टन धरले तर अठरा हजार टन. तीस टनांचे सहाशे ट्रक, एका रनमधल्या एका ओळीवर. आणि हे सहाशे ट्रक आहेत की नाहीत हे कधी कळणार? शोधकाम, अहवाल, लिलाव, पर्यावरण आणि वन खात्याच्या मंजुऱ्या, जमीन, रस्ता. खाण त्या खोलीपर्यंत पोचेल तेव्हा दहा-पंधरा वर्षं सहज गेलेली असतील. खाण झालीच तर. बहुतेक भोकांच्या जागी कधीच खाण होत नाही.

"मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"आधी ड्रिलरशी बोलले," ती म्हणाली. "परत येणाऱ्या पाण्याचा रंग कधी बदलला, बिट एकदम सरकन खाली कधी गेलं, हे त्यालाच माहीत असतं. त्याने सांगितलं, शेवटच्या मीटरभरात पाणी गडद झालं होतं. मग लिहिलं: मिळालं २.४, गेलं ०.६, बहुधा खालच्या मऊ भागातून, आणि हे कशावरून म्हणतेय तेही. पण गेलेल्या भागात लोह किती होतं ते नाही लिहिलं. तिथे नमुनाच नाही, तर आकडा कुठून आणू?"

पुढचे रन तिने एकेक मीटरचे घ्यायला लावले. रन छोटा असला की काय हरवलं हे शोधायची जागाही छोटी होते. पण दर मीटरला नळी वर काढायची म्हणजे काम रखडतं. ठेकेदार कुरकुरला, ऑफिसातून विचारणा झाली. प्रामाणिकपणाची किंमत तिने त्याच आठवड्यात मोजली. फायदा झालाच, तर पंधरा वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाला होईल.

हे सगळं चांगल्या स्वभावावर सोडून चालतं का? इथे बुसांगची गोष्ट सांगायला हवी. इंडोनेशियातल्या बोर्निओच्या जंगलात, कालीमंतानमध्ये, ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या छोट्या कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं. १९९० च्या दशकाच्या मध्यात कंपनीची बाजारातली किंमत सुमारे सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली. मार्च १९९७ मध्ये भागीदारीसाठी आलेल्या फ्रीपोर्ट कंपनीने ब्रे-एक्सच्या भोकांच्या अगदी शेजारी स्वतःची भोकं पाडली. सोनं जवळपास नव्हतंच. त्याच महिन्यात ब्रे-एक्सचा तिथला मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला: दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. सोन्याचे कण गोलसर होते, नदीच्या वाळूत घासून होतात तसे.

या प्रकरणात मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक कंटाळवाणी गोष्ट. नेहमीची पद्धत अशी, की कोअर उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेला पाठवायचा, अर्धा खोक्यात ठेवायचा. बुसांगमध्ये जवळजवळ सगळा कोअरच दळायला पाठवत होते. मागे राहत होते ते छोटे तुकडे. कारण सोनं ओबडधोबड विखुरलेलं आहे, मोठा नमुना हवा, असं दिलं गेलं आणि ते शास्त्राला अगदीच सोडूनही नव्हतं. पण परिणाम असा, की दुसऱ्या कुणाला तोच दगड पुन्हा तपासता येईना. तपासायचं तर नव्याने भोक पाडायला हवं, आणि तोवर लोकांची बचत बुडालेली.

प्लेटोच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. मी प्रामाणिकपणाला मनाची अवस्था समजत होतो, आतून शुद्ध असण्यासारखी. ती अवस्था दुसऱ्याला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही नीट दिसत नाही. जंगलात सहा महिने एकट्याने काढल्यावर, आपलं भोक यशस्वी व्हावं असं मनापासून वाटत असताना, कुणीही स्वतःला हवं ते दिसल्याचं पटवू शकतं. लबाडीची गरजही नाही. म्हणून या व्यवसायाने मनावर विश्वास न ठेवता एक सवय लावून घेतली: मला खोटं ठरवता येईल इतकं मागे ठेवून जायचं. खोक्यातला अर्धा दगड हेच म्हणत असतो, की माझं ऐकू नका, हा घ्या आणि बघा.

यावर एक आक्षेप आहे. अर्धा दगड ठेवणं हीदेखील कुणाच्या तरी तपासणीची भीतीच झाली, फक्त लांबवरची. मला तसं वाटत नाही. भीती वाटणारा माणूस पुरावा कमी करतो. तपासणारा कधी येईल, येईल की नाही, हे माहीत नसताना त्याच्यासाठी पुरावा जपून ठेवणं याला भीती म्हणणं जमत नाही. वाहून गेलेले ६० सेंटिमीटर तर कुणालाच परत आणता येणार नाहीत. तिथे ताईपाशी अर्धा दगडही नव्हता. होती ती फक्त 'गेलं' असं लिहून, शेजारी ड्रिलरने पाहिलेला पाण्याचा रंग नोंदवण्याची सोय. गेलेल्या दगडाचा पुरावा म्हणून तिने स्वतःचं अज्ञान जपून ठेवलं.

तिच्या घरी विचारतात, इतकं लांब राहून हाती काय लागतं? तिने आजवर पाडलेल्या भोकांपैकी एकाचीही खाण झालेली नाही. तिच्याकडे दाखवायला आहेत ती एका शेडमधली खोकी, त्यांच्यावर तिच्या अक्षरातली खोली. एक ओळ ८७ मीटरला संपते आणि तिच्यात ६० सेंटिमीटरची जागा रिकामी सोडलेली आहे.