सोडवत नाही

चामराजपेटेतल्या आमच्या घरात मामाच्या तंबाखूबद्दल दोन क्रियापदे चालतात. मामी म्हणते, “ते सोडत नाहीत.” मामा म्हणतो, “मला सोडवत नाही.” ऐकायला फरक एका अक्षराचा, पण सगळा वाद त्या अक्षरातच आहे. ‘सोडत नाही’ यात माणसाची इच्छा कर्ता आहे. ‘सोडवत नाही’ हे व्याकरणातले शक्य क्रियापद आहे. आजीला जिना चढवत नाही, तापात जेववत नाही, हे आपण याच रूपात बोलतो आणि आजीच्या गुडघ्यांना कोणी दुबळ्या मनाचे म्हणत नाही. मामाचे व्याकरण बरोबर आहे, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

तंबाखू न सुटणे म्हणजे निश्चयाचा अभाव, हा समज पहिल्यांदा मामाकडे पाहूनच डळमळतो. हा माणूस तीस वर्षे एकादशी करतो, निर्जळीला पाण्याचा थेंब घेत नाही. गळ्यात माळ घातल्यावर मटण सुटले ते सुटलेच. अशा माणसाला निश्चय नाही असे कसे म्हणायचे? इतर सगळीकडे चालणारा निश्चय एकाच ठिकाणी अडतो, तेव्हा त्या एका ठिकाणी काय आहे ते पाहायला हवे. (उपासाला तंबाखू चालतो की नाही, यावर मामाने शास्त्राधार शोधला होता, हेही नोंदवून ठेवतो.)

त्या ठिकाणी आहे निकोटीन. तंबाखू तळहातावर चुन्याबरोबर मळतात ते निव्वळ चवीसाठी नव्हे. नुसत्या तंबाखूतले बरेचसे निकोटीन विद्युतभार असलेल्या रूपात असते आणि त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुना मिश्रण अल्कधर्मी करतो, निकोटीनचा भार जातो आणि ते गालातून सरळ रक्तात उतरते. मेंदूतल्या काही ग्राहींना ते चिकटते आणि डोपामाइन सुटते. हे रोज होत राहिले की मेंदू त्या ग्राहींची संख्याच वाढवतो. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणजे रात्रभरात जवळजवळ संपते. पहाटे मामा उठतो तेव्हा हे वाढीव ग्राही रिकामे असतात. चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणे, या सगळ्याला आपण ‘तलफ’ म्हणतो. “बार भरल्याशिवाय डोकं चालत नाही,” हे त्याचे म्हणणे खरे आहे. तंबाखूने त्याचे डोके चालते ते इतकेच, की तंबाखूनेच केलेला बिघाड दोन तासांपुरता दुरुस्त होतो.

म्हणूनच डॉक्टरांच्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला सोडायची किती इच्छा आहे?’ याला गुण नसतात. उठल्यावर किती वेळात पहिला तंबाखू लागतो, हे विचारतात. पाच मिनिटांच्या आत असे उत्तर आले तर सर्वांत जास्त गुण. आजारी पडून अंथरुणावर असतानाही खाता का, हेही विचारतात. म्हणजे मोजमाप चारित्र्याचे होत नाही, अवलंबित्वाचे होते.

याहून बोलका पुरावा २००७ साली ‘सायन्स’मध्ये आला. मेंदूला इजा झालेल्या धूम्रपान्यांचा तो अभ्यास होता. इन्सुला हा मेंदूत आत दडलेला भाग ज्यांचा दुखावला होता, त्यांतल्या काहींची सिगारेट जवळजवळ विनासायास सुटली. एकाने सांगितले की शरीर ती तलफ विसरूनच गेले. या माणसांचा निश्चय एका रात्रीत वाढला नव्हता. वजन उचलणाऱ्याचे दंड तेच राहिले, वजनच नाहीसे झाले.

यावर आमच्या शेजारच्या काकांचे उत्तर ठरलेले आहे: “मी एका गणपतीला सिगारेट सोडली ती सोडली. तुझ्या मामाला का जमत नाही?” आक्षेप खोटा नाही. औषधाशिवाय सोडणारे पुष्कळ असतात. पण मदतीशिवाय केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी वर्षभर टिकणारे सुमारे तीन ते पाच असतात आणि गणपतीची गोष्ट तेच सांगतात. बाकीचे गप्प बसतात. शिवाय यकृतातले एक विकर निकोटीन मोडते आणि त्याचा वेग माणसागणिक जन्मतः वेगळा असतो. काकांचा निश्चय मोठा होता की त्यांचे ओझे हलके होते, हे बाहेरून ठरवता येत नाही. काकांनाही येत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. आजार म्हटले की जबाबदारी संपली, असे होईल का? क्षयरोग्याला आपण दुबळ्या मनाचा म्हणत नाही, पण सहा महिने गोळ्या घेणे हे त्याचे काम आहे, असे ठामपणे सांगतो. जबाबदारी तिथे संपत नाही, ती आजार झाल्याबद्दल नसून उपचार घेण्याबद्दल असते. आपला ‘व्यसन’ हा शब्दही एकेकाळी एवढा कठोर नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांबद्दल आहे. त्यात राजाचा जुगार येतो, तसेच आग, पूर आणि दुष्काळही येतात. व्यसन म्हणजे कोसळलेले संकटही. आपण त्यातला दोष तेवढा ठेवला आणि संकट गाळले.

दुबळ्या मनाची ही गोष्ट कोणाच्या सोयीची आहे, हेही पाहावे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४च्या अहवालात धूम्रपानाला ‘सवय’च म्हटले होते. ते व्यसन आहे असे त्याच कार्यालयाने १९८८ साली स्पष्ट सांगितले. तरीही १९९४ साली सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी तिथल्या संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले, की त्यांच्या मते निकोटीनचे व्यसन लागत नाही. ओढणाऱ्याने आपल्या मर्जीने ओढली, हा कंपन्यांचा कोर्टातला बचाव होता. मामीचे ‘सोडत नाहीत’ आणि कंपनीच्या वकिलाचा युक्तिवाद व्याकरणाच्या दृष्टीने एकच आहे, हे मी मामीला अजून सांगितलेले नाही.

मामा गेल्या वर्षी होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये गेला. तिथून निकोटीनच्या च्युइंगगमची पट्टी घेऊन आला आणि आठवड्याभरात म्हणाला, “काही उपयोग नाही, नुसत्या उचक्या लागतात.” तो ते गम पेपरमिंटसारखे सतत चघळत होता, लाळ गिळत होता आणि मध्ये मध्ये फिल्टर कॉफी घेत होता. गिळलेले निकोटीन पोटात जाऊन जळजळ करते आणि रक्तात पोचण्याआधी त्यातले बरेचसे यकृतच मोडते. कॉफीने तोंड आम्लधर्मी होते आणि निकोटीन पुन्हा त्या आत न जाणाऱ्या रूपात येते. गममध्ये अल्कधर्मी क्षार घातलेले असतात, चुन्याचे काम ते करतात. कॉफी ते काम उलटवते. चार-सहा वेळा चावायचे, झणझणले की गालात ठेवून द्यायचे, झणझण गेली की पुन्हा चावायचे आणि आधीची पंधरा मिनिटे कॉफी नाही, ही रीत डॉक्टरांनी पुन्हा समजावली. खाण्याच्या तंबाखूवर गमचा गुण सिगारेटइतका पक्का दिसलेला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. नाही जमले तर व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत, असे सांगितले.

सात आठवडे गेले. मग एका लग्नात जुना मित्र भेटला आणि मामाने हात पुढे केला. घरी मामी म्हणाली, “बघ, मनच नाही.” मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फाइल काढली, पिशवीत घातली आणि मला विचारले, “पुन्हा जायचं तर सकाळी किती वाजता नंबर लावावा लागतो रे?”