रात्रीचा हिशेब

नोकरी गेल्यावर शांत झोपणे आपल्याला बेजबाबदारपणाचे वाटते. जागे राहणे म्हणजे जणू घरच्यांबद्दलचे कर्तव्यच! पण रात्री दोनला बँक बंद असते. तेव्हाच्या चिंतेने एकही हप्ता फिटत नाही.

शिल्लक ९०,००० आणि हप्त्यासह महिन्याचा खर्च ३०,००० असेल, तर हातात तीन महिने आहेत. अंथरुणात हाच हिशेब शंभरदा होतो. तो संध्याकाळी सहाला, घरच्यांसोबत बसून वहीत मांडा. खाली उद्याचे एकच काम लिहा: ‘अकरा वाजता बँकेत हप्त्याबद्दल बोलणे.’ वही मिटून स्वयंपाकघरात ठेवा.

तरीही वीसेक मिनिटे झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात बसा. मोबाइलवर शिल्लक पाहू नका. डोळे जड झाले की परत या. सकाळी ऑफिस नसले तरी नेहमीच्याच वेळी उठा. दुपारी पेंग येईल. तेव्हा आडवे झालात, तर रात्र पुन्हा लांबते.