तीन वाजल्यानंतरची संध्याकाळ

वधस्तंभावरचे सात उद्गार शुभ शुक्रवारी एका बैठकीत ऐकायची आपल्याला इतकी सवय आहे, की ते सातही कुठल्याच एका शुभवर्तमानात नाहीत हे लक्षातच येत नाही. मार्क आणि मत्तय यांनी एकच उद्गार नोंदवला आहे: देवाने आपल्याला का टाकलं, असा विचारलेला. लूककडे तीन आहेत. मारणाऱ्यांसाठी क्षमेची विनंती, शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला दिलेलं सुखलोकाचं वचन, आणि आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवणं. योहानाचे तीन आणखी निराळे: आई आणि शिष्य यांना एकमेकांच्या हवाली करणं, तहान लागल्याचं सांगणं, आणि सारं पूर्ण झालं असं म्हणणं. या चौघांना शेजारी बसवून क्रम लावला तो पुढच्या पिढ्यांनी. लूकचं शुभवर्तमान एवढंच ज्याच्या हातात होतं, त्या जुन्या वाचकाला टाकलं गेल्याचा तो आक्रोश कधी भेटलाच नाही, आणि मार्कच्या वाचकाला त्याखेरीज दुसरं काही भेटलं नाही.

या सातांभोवती तीन तासांची उपासना बांधली गेली ती पेरू देशातल्या लिमा शहरात. अलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या अखेरीस दुपारी बारा ते तीन अशी ती आखली. एक उद्गार, त्यावर चिंतन, मग मौन किंवा संगीत, पुन्हा पुढचा उद्गार. अठराव्या शतकात ही पद्धत युरोपात पोचली. आपल्याकडे अनेक मराठी मंडळ्यांत सात वक्ते आळीपाळीने उभे राहतात, ते त्याच आखणीवर. गोची तिथेच होते. प्रत्येक वक्त्याला आपल्या वाट्याचा उद्गार सर्वांत खोल वाटतो. दहा मिनिटांची पंचवीस होतात आणि पाचव्यापर्यंत, म्हणजे नेमक्या तहानेपाशी, लोक घड्याळं पाहू लागतात.

ही अडचण जोसेफ हायडनला चांगली ठाऊक होती. स्पेनमधल्या कादिझ शहरातून १७८०च्या दशकात त्याच्याकडे मागणी आली: सात उद्गारांसाठी सात संथ रचना हव्यात, फक्त वाद्यांच्या. १८०१ साली छापलेल्या प्रस्तावनेत त्याने तिथल्या उपासनेचं वर्णन दिलं आहे. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले. मधोमध टांगलेला एकच मोठा दिवा. दुपारी बाराला दारं बंद होत. बिशप व्यासपीठावर चढून एक उद्गार म्हणत, त्यावर बोलत, मग खाली उतरून वेदीसमोर गुडघे टेकत. ते गुडघे टेकून असत तेवढा वेळ संगीताचा. सुमारे दहा मिनिटांच्या सात संथ रचना एकापाठोपाठ एक, आणि ऐकणारा थकता कामा नये, हे सोपं नव्हतं, असं हायडन स्वच्छ सांगतो. ठरवून दिलेल्या वेळेत आपल्याला बसता आलं नाही हेही कबूल करतो. सात वक्त्यांच्या सभेत मला ही कबुली मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटते.

हायडनने केलेली एक निवड मात्र पुष्कळ प्रवचनांपेक्षा मोलाची आहे. सातांतल्या तीन रचना त्याने मायनर स्वरमेळात सुरू केल्या, म्हणजे पाश्चात्त्य कानाला विषण्ण वाटणाऱ्या. दुसरी आणि सहावी शेवटाकडे मेजरमध्ये उजळतात. गुन्हेगाराला सुखलोक मिळतो, काम पुरं होतं, तेव्हा ते साहजिक आहे. चौथी, देवाने टाकल्याची, एफ मायनरमध्ये सुरू होते आणि तिथेच संपते. मनाने श्रद्धाळू असलेल्या या माणसाने तिथे दिलासा घातला नाही.

आपल्या व्यासपीठांवर हाच उद्गार सर्वांत घाईने सावरून घेतला जातो. युक्तिवाद ठरलेला असतो. हे शब्द बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत, ते स्तोत्र पुढे स्तुतीत संपतं, आणि पहिली ओळ म्हटली की यहुदी माणसाला सगळं स्तोत्र आठवे. तेव्हा येशू खरं तर विश्वासच व्यक्त करत होता. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसऱ्याला मार्कचाच अडथळा आहे. त्याच्या वर्णनात जवळ उभ्या असलेल्यांपैकी काहींना स्तोत्र ऐकूच येत नाही. त्यांना वाटतं हा एलीयाला हाक मारतो आहे. मग कुणीतरी धावत जाऊन बोरूच्या टोकावर आंब भिजवलेला स्पंज वर धरतो आणि एलीया येतो का ते पाहू म्हणतो. एलीया येत नाही. वरून आवाज होत नाही. मार्कने स्तोत्राचा शेवट द्यायचा ठरवला असता तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. त्याने फक्त प्रश्न दिला, आणि त्यानंतर एक मोठी, शब्द नसलेली किंकाळी.

दुपारची उपासना आणि संध्याकाळची उपासना यांत फरक करावा असं मला वाटतं तो इथे. बारा ते तीन या वेळेत मंडळी मरणाऱ्याच्या सोबत बसल्यासारखी असते. सातही उद्गारांना तिथे जागा आहे. संध्याकाळी तो गेलेला असतो. घरात माणूस गेल्यावर रात्री जमलेले लोक त्याचं सगळं बोलणं क्रमाने आठवत नाहीत. एखादंदुसरं वाक्य पुन्हा पुन्हा निघतं, बहुधा ज्याचा अर्थ लागलेला नसतो ते. म्हणून संध्याकाळी दोनच उद्गार घ्यावेत: मार्कचा प्रश्न आणि लूकचा शेवटचा. प्रश्न वाचावा, त्यावर प्रवचन करू नये. किमान पाच मिनिटं शांत राहावं, ऑर्गनसुद्धा नको. पाच मिनिटं फार वाटतात. तिसऱ्या मिनिटाला खोकले सुरू होतात आणि संचालकाला काहीतरी बोलावंसं वाटू लागतं. त्याने बोलू नये.

लूकचा उद्गार मुळात संध्याकाळचाच म्हणावा असा आहे. एकतिसाव्या स्तोत्रातली ती ओळ तल्मूदमध्ये झोपण्यापूर्वी म्हणायची म्हणून सुचवली आहे, आणि पाश्चात्त्य चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेतही ती शतकानुशतकं आहे. लूकने तिच्या आधी एकच शब्द घातला, पित्याला मारलेली हाक. मार्कच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे असं सांगायचा मोह आवरावा. दोघांनी एकाच मरणाची दोन टोकं धरली आहेत, आणि चर्चने दोन्ही पुस्तकं ठेवून घेतली, एकाने दुसरं दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर पुनरुत्थानाचं गीत घेऊ नये. त्याला रविवार आहे. वाचायचंच तर मार्कमधला पुढचा भाग वाचावा. संध्याकाळ झालेली, शब्बाथ तोंडावर आलेला, आणि अरिमथाईचा योसेफ, न्यायसभेचा प्रतिष्ठित सभासद, धीर करून पिलाताकडे प्रेत मागायला जातो. इतक्यात मेला कसा, याचं पिलाताला नवल वाटतं. तो शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतो. परवानगी मिळाल्यावर योसेफ तागाचं कापड विकत घेतो.