बाजाराच्या दिवसाचा गूळ

भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात सोळा वर्षं घालवलेला एक क्वालिटी इन्स्पेक्टर चाळिशीला पोचला आणि म्हणू लागला की आता गावाकडे जाऊन गूळ करणार. गाव कोल्हापूरजवळचं, पंचगंगेच्या काठचं. घरात ज्याला त्याला म्हणी आठवल्या. वडील म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." सासूबाईंनी फोनवर तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं हे ऐकवलं. कारखान्यातला मित्र मात्र म्हणाला, "शुभस्य शीघ्रम्! उद्याच कागद टाक."

म्हणींचं हे असंच असतं. प्रत्येक प्रसंगाला दोन्ही बाजूंच्या सापडतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खायचा नसतो. रजा साठलीय ना तुमची? ती गुऱ्हाळावर काढा. पीएफला आणि पोरीच्या फीला हात लावायचा नाही, एवढं माझं. बाकी तुम्ही ठरवा."

भीतीचं काय करायचं हे तिला बरोबर कळलं होतं. भीती घालवण्याच्या भानगडीत ती पडली नाही, फक्त तिला दोन रकमांची राखण दिली.

हंगाम ऐन भरात असताना तो गावातल्या एका गुऱ्हाळावर हाताखालचा माणूस म्हणून उभा राहिला. तिथले गुळवे आबा साठीच्या पुढचे. पहाटेपासून चुलवाणात चिपाडं पेटलेली, काहिलीत रस उकळतोय. रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढायची. चुना बेतानं घालायचा, जास्त झाला तर गूळ काळवंडतो. मग पाक घट्ट होत जातो आणि काहील उतरवायची वेळ येते. सगळा गूळ त्या काही मिनिटांवर असतो. लवकर उतरवलं तर तो बसत नाही, उशीर झाला तर करपतो.

आपल्या गड्यानं पुण्याहून चांगला थर्मामीटर आणला होता. कडक गुळासाठी पाक साधारण ११८ अंशांपर्यंत न्यायचा, हे त्यानं वाचलेलं. पहिले काही दिवस आकडा आणि आबांचा अंदाज जुळत गेले, तसा त्याला धीर आला. आबा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकत, बोटांत त्याची गोळी वळत, ती पत्र्यावर मारत आणि आवाजावरून ठरवत. ११८ वरच सगळं कळत असेल तर शिकायचं काय राहिलं, असं त्याला वाटलं.

मग एक आदण बिघडलं. काटा बरोबर ११८ वर होता, तरी वाफ्यात ओतलेला पाक गार होऊनही चिकटच राहिला. ढेप कापडातून निघाली तीच बसकी. त्यानं थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून तपासला, तो बिनचूक होता.

"पाव्हणं, काटा बरोबर हाय," आबा म्हणाले, "ऊस शिळा हाय."

ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते. तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्यांना कणी धरत नाही. उन्हं वाढली की हे आणखी झपाट्यानं होतं. थर्मामीटर पाणी किती उडालं एवढंच सांगतो. उरलेल्यात कणी धरणारी साखर किती, हे त्याला कळत नाही. गोळी मात्र ते सांगते, कारण ती पाक बसेल की नाही हेच बघते. सोळा वर्षांच्या अनुभवाचं हे पहिलं नापास होणं होतं. आकडा वाचायची सवय त्यानं बरोबर आणली होती, पण कुठला आकडा वाचायचा हे नव्या धंद्याला विचारलं नव्हतं.

त्यानं थर्मामीटर ठेवून दिला नाही, सोबत वही काढली. ऊस तोडल्याची वेळ, चरकाला लावल्याची वेळ, चुना वजन करून, उतरवतानाचा आकडा, आबांच्या गोळीचा निकाल आणि दुसऱ्या दिवशी ढेप कशी निघाली ते, असं दर आदणाचं लिहायला लागला. कारखान्यात त्याचं हेच काम होतं. खराब माल सापडला की तो कुठल्या पाळीत आणि कुठल्या मशीनवर जास्त निघतो हे आधी बघायचं. सुटा दोष काही बोलत नाही, दोषांचा घोळका बोलतो.

महिन्याभरात घोळका दिसला. मऊ गुळाची आदणं जवळजवळ सगळी आठवडी बाजाराच्या दिवशीची होती. त्या दिवशी तोडणीची माणसं येत नसत, म्हणून आदल्या सकाळीच दुप्पट ऊस तोडून ठेवत. बाजाराच्या दुपारी तो काहिलीत जाईपर्यंत दीड दिवसाचा झालेला असे. आबांना हे डोळ्यांनी कधीचं दिसत होतं. पण मालक दर वेळी चुन्याला नाहीतर भेंडीला दोष देई, आणि आबांच्या हातात दाखवायला काही नव्हतं. वही समोर ठेवली तेव्हा मालकानं दोनदा पानं उलटली आणि बाजाराच्या दिवशी गुऱ्हाळ बंद ठेवायचं ठरवलं. आबांनी त्या रात्री पहिल्यांदा गोळी त्याच्या हातात दिली. "वळा आता तुमीच. बोटाला कळाय पायजे."

बोटाला कळायला उरलेला हंगाम गेला. याला दुसरी वाट नव्हती, आणि कितीही मोठ्या पदावरून आलं तरी नसते.

हिशेबही त्याच वहीत मागच्या पानांवर मांडला. टनाला तीन हजार रुपयांनी ऊस घेतला आणि त्यातून एकशे दहा किलो गूळ निघाला, तर किलोमागं सत्तावीस रुपये नुसत्या उसाचे. वर मजुरी, भाडं, वाहतूक. सौद्यात पिवळ्याधमक गुळाला भाव जास्त, म्हणून काही जण रंग उजळायला हायड्रोस घालतात. ते न घालता केलेला गूळ तपकिरी निघतो आणि तिथं मार खातो. तो विकायचा तर किलो-अर्ध्या किलोच्या भेल्या आणि काकवी करून थेट घरांत पोचवावी लागणार होती, तीही पावसाळ्याच्या आत, कारण दमट हवेत गूळ पाझरतो. पुण्याच्या सोळा वर्षांत जोडलेली माणसं इथं उपयोगी पडणार होती. त्यानं ओळखीच्या सोसायट्यांतून आधी मागण्या घेतल्या आणि त्या मोजूनच पुढच्या हंगामात किती आदणं काढायची ते ठरवलं.

राजीनामा त्यानं त्या उन्हाळ्यात दिला. गुऱ्हाळ विकत घ्या असं मालकच म्हणत होता, पण त्यानं ते एका हंगामापुरतं भाड्यानं घेतलं. हंगाम बुडाला असता तर भाडं आणि मजुरी गेली असती, पीएफ आणि फी जागेवर राहिली असती. आबा रोजावर त्याच्याकडेच आले. वडिलांची म्हण बदलली नाही. पहिल्या आदणाची ढेप बघायला मात्र ते स्वतः वाफ्यापर्यंत चालत आले, आणि चुना अजून थोडा कमी घाल, असं सांगून गेले.

तुमच्याही मनात चाळिशीला असा एखादा धंदा असेल, तर राजीनाम्याआधी त्याचा एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढा, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा.