१३८ अधिक १८४ बरोबर २३०

घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याला ३० ओहमचा रोध आणि सुमारे १२७ मिलिहेन्रीचे वेटोळे एकापुढे एक जोडले, तर त्यांतून ४.६ अँपिअर प्रवाह वाहतो. व्होल्टमीटर रोधाला लावला की १३८ व्होल्ट दिसतात, वेटोळ्याला लावला की १८४. दोन्हींची बेरीज ३२२ होते आणि पुरवठा मात्र २३०चाच असतो. मीटर बिघडलेला नाही, किर्चहॉफचा नियमही मोडलेला नाही. (वेटोळ्याच्या तारेचा स्वतःचा रोध येथे शून्य धरला आहे. प्रयोगशाळेतल्या वेटोळ्याला तो असतोच, त्यामुळे तिथले आकडे थोडे हलतात. बेरीज मात्र तिथेही जुळत नाही.)

गणिताच्या केटीत अडकलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला संमिश्र संख्या का शिकायच्या हे शिक्षकाने पत्रातून सांगायचे ठरवले, तर त्या पत्राची सुरुवात या तीन आकड्यांनी व्हावी. ऋण एकच्या वर्गमुळाने ती होऊ नये. पहिल्या वर्षाच्या गणितात वर्गमूळ आधी येते, मग मापांक आणि कोणांक, मग द मॉइव्हरचे प्रमेय, मग एकचे घनमूळ. सर्किटे दुसऱ्या विषयात, बहुधा दुसऱ्या शिक्षकाकडे असतात. ज्या अडचणीसाठी हे हत्यार इंजिनिअरांनी हातात घेतले ती अडचणच विद्यार्थ्याला दिसत नाही, आणि मग उरते ते फक्त पाठांतर.

बेरीज चुकते याचे कारण मीटर अर्धीच माहिती देतो. व्होल्टेज किती मोठे आहे हे तो सांगतो, पण ते शिखरावर केव्हा पोहोचते हे सांगत नाही. रोधावरचे व्होल्टेज प्रवाहाबरोबर चढते आणि प्रवाहाबरोबर उतरते. वेटोळ्याचे तसे नाही. त्यावरचे व्होल्टेज प्रवाह किती आहे यावर ठरत नाही, तो किती वेगाने बदलतो आहे यावर ठरते. प्रवाह शिखरावर असतो तेव्हा त्याचा बदल क्षणभर थांबलेला असतो, म्हणून वेटोळ्यावरचे व्होल्टेज त्या क्षणी शून्य असते. प्रवाह शून्यातून वर जातो तेव्हा बदल सर्वांत जलद, म्हणून व्होल्टेज सर्वांत जास्त. ५० हर्ट्झवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वेटोळ्यावरचे व्होल्टेज प्रवाहाच्या पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद, पुढे धावते. दोन शिखरे एकाच वेळी येतच नाहीत, तेव्हा शिखरांची किंवा मीटरवरच्या आकड्यांची सरळ बेरीज करून काही हाती लागत नाही. कोणत्याही एका क्षणी मात्र दोन व्होल्टेजांची बेरीज पुरवठ्याइतकीच भरते.

म्हणजे इथे प्रत्येक राशीला दोन गोष्टी सांगायच्या असतात: आकार आणि वेळ, अर्थात फेज. साध्या एका संख्येत दोन्ही मावत नाहीत.

आता विकलनाकडे पाहावे. सायनचे विकलन केले की कोसाइन मिळतो, आणि तो पाव आवर्तन पुढे सरकलेला सायनच असतो. पुन्हा विकलन केले की ऋण सायन मिळतो. दोन पाव मिळून अर्धे आवर्तन, आणि अर्ध्या आवर्तनाने चिन्ह उलटते. पाव आवर्तन पुढे सरकवण्याच्या या क्रियेला j नाव दिले, तर ती दोनदा केल्यावर चिन्ह उलटते, म्हणजे j × j = −१. गणिताच्या पेपरात i म्हणून येणारी हीच ती संख्या. विजेच्या शाखेत i प्रवाहासाठी अडकलेला असल्याने अक्षर बदलले एवढेच. वर्ग ऋण असणारी संख्या संख्यारेषेवर शोधायला गेले तर सापडत नाही. पण सरकणाऱ्या तरंगांच्या हिशेबात ती पहिल्याच पायरीवर भेटते, आणि तिच्यात गूढ असे काही राहत नाही.

यातून खरा फायदा पुढे निघतो. ω ही कोनीय वारंवारता, ५० हर्ट्झसाठी सुमारे ३१४. सायन तरंगाचे विकलन म्हणजे त्याला ω ने गुणणे आणि पाव आवर्तन पुढे ढकलणे, म्हणजेच jω ने गुणणे. कलनशास्त्रातली क्रिया गुणाकारावर आली. वेटोळ्याचे समीकरण विकल समीकरण राहिले नाही. ते ओहमच्या नियमासारखे दिसू लागले, फक्त रोधाच्या जागी jωL आले. दिलेल्या वेटोळ्यासाठी ही किंमत j४० ओहम. रोध आणि वेटोळे मिळून इम्पीडन्स ३० + j४०, मापांक ५०.

पुरवठा संदर्भ म्हणून २३० धरला की प्रवाह = २३० ÷ (३० + j४०). अंश आणि छेद दोघांना ३० − j४० ने गुणले की छेद २५०० होतो आणि प्रवाह २.७६ − j३.६८ येतो. त्याचा मापांक ४.६, म्हणजे अँमीटरवर दिसलेला आकडा. कोन सुमारे ऋण ५३ अंश: प्रवाह पुरवठ्याच्या तितका मागे आहे. या प्रवाहाला ३० ने गुणले की रोधावरचे व्होल्टेज ८२.८ − j११०.४, आणि j४० ने गुणले की वेटोळ्यावरचे १४७.२ + j११०.४. पहिल्याचा मापांक १३८, दुसऱ्याचा १८४. मीटर बरोबरच होता. दोन्हींची बेरीज केली की j चे भाग एकमेकांना खातात आणि नेमके २३० उरतात.

हेच उत्तर j शिवायही काढता येते. प्रवाह A sin ωt + B cos ωt असा मानायचा, विकल समीकरणात घालायचा, सायन आणि कोसाइनचे सहगुणक वेगवेगळे जुळवायचे आणि A, B सोडवायचे. एका वेटोळ्यासाठी हे अर्ध्या पानाचे काम आहे, आणि विद्यार्थ्याने ते एकदा तरी करून पाहावे. तीन शाखांच्या सर्किटात मात्र सहा अज्ञाते येतात आणि त्रिकोणमितीच्या जंगलात चिन्हाची एक चूक पुरते. संमिश्र संख्या हीच दोन-दोन समीकरणे एका ओळीत बांधून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वीज अभियंत्यांपुढे हीच अडचण होती. आल्टरनेटिंग करंट पसरू लागला होता आणि त्याचा हिशेब विकल समीकरणांनी किंवा कागदावर आकृत्या काढून करावा लागे. १८९३ मध्ये आर्थर केनेली यांनी इम्पीडन्सवर निबंध वाचला. त्याच वर्षी शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र राशींनी सगळी रीत मांडून दाखवली. ती गणितज्ञांच्या हौसेखातर आली नव्हती; हिशेब संपवायचा होता.

या रीतीने दिसणारी गोष्ट नुसत्या मीटरने दिसत नाही. वरच्या प्रवाहाचे दोन भाग करावेत. २.७६ हा भाग व्होल्टेजबरोबर चालतो आणि काम करतो: २३० × २.७६ म्हणजे सुमारे ६३५ वॉट. −j३.६८ हा भाग पाव आवर्तन मागे राहतो. तो वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा भरतो आणि परत काढतो, सरासरी काम शून्य. पण तारेतून तो जातोच आणि तार तापवतोच. पॉवर फॅक्टर २.७६ ÷ ४.६, म्हणजे ०.६. हा भाग रद्द करायचा तर त्याच टोकांना समांतर असे काहीतरी जोडायला हवे, ज्यातून +j३.६८ वाहील. कपॅसिटरचा प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढे असतो, त्यामुळे तो नेमका हवा तसा आहे. ३.६८ ला २३० आणि ३१४ ने भागले की सुमारे ५१ मायक्रोफॅरड येते. तो जोडल्यावर वेटोळ्याच्या शाखेत ४.६ अँपिअर, कपॅसिटरच्या शाखेत ३.६८, आणि मुख्य तारेत २.७६! दोन शाखांची बेरीज दोहोंपेक्षा लहान निघाली. काम तेवढेच, पण मागच्या तारेतला प्रवाह ०.६ पट, म्हणून तिच्यातला उष्णतेचा नाश ०.३६ पट. कारखान्याच्या पॅनेलजवळ उभ्या असलेल्या कपॅसिटर बँका याच वजाबाकीसाठी असतात, आणि वजाबाकी जमली नाही तर ती मोठ्या ग्राहकाच्या वीजबिलात दिसते.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. पहिली कोनाची. −३० − j४० या संख्येचा कोन काढताना कॅल्क्युलेटरवर ४० भागिले ३० चा टॅन-व्यस्त घेतला की ५३ अंश येतात. ऋण चिन्हे भागाकारात नाहीशी झालेली असतात. संख्या तिसऱ्या चरणात आहे आणि खरा कोन २३३ अंश, म्हणजेच ऋण १२७. आकृतीत एक बिंदू काढून पाहिला की ही चूक लगेच पकडता येते. दुसरी चूक शक्तीची, आणि ती जास्त फसवी. व्होल्टेज आणि प्रवाह यांचा सरळ गुणाकार करून शक्ती मिळत नाही; प्रवाहाची अनुबद्ध संख्या घ्यावी लागते, म्हणजे j च्या भागाचे चिन्ह उलटावे लागते. पुरवठ्याचा कोन शून्य धरला असेल तर वास्तव भाग दोन्ही रीतींनी ६३५ येतो आणि चूक लपते. पुरवठ्याचा कोन ३० अंश धरून पाहावे: सरळ गुणाकार ६० अंशांनी फिरतो आणि वास्तव भाग वेगळाच निघतो, अनुबद्ध घेऊन केलेला गुणाकार जागचा हलत नाही. वेळ मोजायला कुठून सुरुवात केली यावर वॉटमीटर अवलंबून नसतो. त्यामुळे संदर्भकोन बदलला की बदलणारे उत्तर शक्तीचे असूच शकत नाही.

या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर विद्यार्थी पुढे कुठेतरी अडतो. विकलनाऐवजी jω लिहिणे एकाच वारंवारतेच्या स्थिर तरंगालाच लागू आहे. बटण दाबल्याच्या क्षणी प्रवाह तसा नसतो. त्यात एक ओसरणारा भाग मिसळलेला असतो. वरच्या सर्किटात त्याचा कालस्थिरांक १२७ मिलिहेन्री भागिले ३० ओहम, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणून एका आवर्तनात तो जवळपास संपतो. त्या पहिल्या आवर्तनासाठी मूळ विकल समीकरणाकडेच परत जावे लागते.

तरंग शुद्ध सायन नसेल तेव्हाची अडचण वेगळी. संगणकांचे आणि एलईडी दिव्यांचे साधे पुरवठे प्रवाह तुकड्यातुकड्यांनी ओढतात, आणि त्या प्रवाहात १५०, २५० हर्ट्झचे भाग असतात. त्या प्रत्येकासाठी हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण इम्पीडन्स बदलते: १५० हर्ट्झवर तेच वेटोळे १२० ओहमचे होते आणि ५० हर्ट्झवर ६२.५ ओहमचा असलेला वरचा कपॅसिटर २१ ओहमवर उतरतो. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेला कपॅसिटर अशा ठिकाणी वरच्या वारंवारतांच्या प्रवाहाला सोपी वाट देतो आणि अपेक्षेपेक्षा जास्त तापतो. म्हणून तिथे कपॅसिटरच्या मालिकेत रिअॅक्टर बसवतात, आणि त्याची किंमत ५० हर्ट्झपुरती न पाहता त्या वरच्या वारंवारतांसाठीही इम्पीडन्स काढून ठरवतात.