निर्यातबंदीचा कांदा आणि भाष्यकाराची संहिता

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीस बंदी करणारा हुकूम काढला, तेव्हा त्या वार्तेवर भाष्य करणाऱ्या व्हिडिओंतून प्रामुख्याने दोन स्वर उमटले. एक शहरातील ग्राहकाच्या खर्चाची चिंता वाहणारा होता, तर दुसरा शेतकऱ्यावरील अन्यायाची कैफियत मांडणारा. दोन्हींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक होते तेच त्याला पुन्हा ऐकवून अखेरीस आता तरी सर्वांनी जागे व्हावे असा बोध करण्यापलीकडे त्यांतील फार थोडे भाष्यकार गेले. माझ्या मते हा उपदेशाचा सूर वक्त्याच्या अहंकारातून जितका येतो, त्याहून अधिक संहितेत स्वतंत्र प्रश्न नसल्यामुळे येतो.

या प्रकरणी असा प्रश्न हाताशी होता: महागला तो कोणता कांदा, आणि बंदी आली ती कोणत्या कांद्यावर? उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत साठवला जातो आणि पावसाळाभर बाजारात येत राहतो. खरिपाचा लाल कांदा पाणीदार असल्यामुळे टिकत नाही; काढल्यावर तो काही आठवड्यांतच विकावा लागतो. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले, तेव्हा बाजार मुख्यतः चाळीतल्या उन्हाळ कांद्यावर चालला होता; डिसेंबरात बंदी आली तेव्हा मात्र आवक लाल कांद्याची होती. म्हणजे भाववाढीचा लाभ एका पिकाला मिळाला आणि तिच्यावरील उपायाचा भार ज्याला थांबताच येत नाही अशा दुसऱ्या पिकावर पडला.

हे विश्लेषण सांगण्याची रीत त्याच्या आशयाइतकीच महत्त्वाची आहे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने बोलणाऱ्या निवेदकाने पहिल्या मिनिटातच निष्कर्ष उच्चारला, तर उरलेला वेळ त्याला वकिली करावी लागते. त्याऐवजी प्रथम पडद्यावर वर्षाचे बारा महिने आणि त्यांत दोन्ही पिकांची आवक दाखवावी, मग त्याच पट्टीवर सरकारी हुकुमांच्या तारखा एकेक करून बसवाव्यात आणि क्षणभर निवेदन थांबवावे. विसंगती प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावर निवेदकाने ती शब्दांत मांडावी, म्हणजे त्याचे वाक्य शिकवणीसारखे न वाटता दुजोऱ्यासारखे वाटते.

आकड्यांचेही तसेच आहे. समजा, एका शेतकऱ्याने एप्रिलात ९० क्विंटल कांदा चाळीत भरला आणि सडण्यात व वजन घटण्यात त्याचा तिसरा हिस्सा गेला. ऑक्टोबरात उरलेले ६० क्विंटल ३,००० रुपये दराने विकले, तर हाती १,८०,००० रुपये आले. मूळ साठ्यावर हा दर क्विंटलला २,००० रुपयेच पडतो, आणि त्यात चाळीचा व निवडणीचा खर्च धरलेलाच नाही. हा गुणाकार पडद्यावर मांडला की साठवणुकीच्या कष्टांविषयी करुण संगीत वाजवण्याची गरज उरत नाही. मात्र आकडे गृहीत आहेत हे निवेदनात स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि बाजार समितीचा सर्वसाधारण दर दाखवायचा असताना सोयीसाठी त्या दिवसाचा किमान किंवा कमाल दर उचलण्याचा मोह टाळला पाहिजे.

याच ठिकाणी संहितेने आपल्या विरुद्धचा पुरावाही दाखल करावा. एकच कुटुंब पुष्कळदा दोन्ही पिके घेते. त्यामुळे लाभ आणि हानी सर्वस्वी निराळ्या माणसांची झाली असे म्हणता येत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात झालेल्या अवकाळी पावसाने व गारपिटीने उभ्या पिकाचे नुकसान केले होते. तेव्हा टंचाईची सरकारची धास्ती निराधार नव्हती. या दोन गोष्टी गाळल्या तर युक्तिवाद अधिक धारदार भासेल, पण लासलगावकडचा पहिलाच जाणता प्रेक्षक त्यातील पोकळी ओळखील. त्या सांगितल्या तर निष्कर्ष आकुंचित होतो आणि टिकाऊही: बंदी घालावी की नाही हा वाद बाजूला राहून, ती कोणत्या पिकाच्या हंगामात यावी हा नेमका प्रश्न उरतो.

संहिता पुरी झाल्यावर तिच्यातील ‘पाहिजे’ आणि ‘आपण सर्वांनी’ असे शब्द असलेली वाक्ये काढून टाकून ती मोठ्याने वाचून पाहावी. त्यानंतरही मुद्दा उभा राहिला, तर भाष्य सिद्ध झाले. तो कोसळला, तर तेथे पुराव्याची जागा उपदेशाने घेतली होती असे समजावे आणि निवेदन सुधारण्यापूर्वी बाजार समितीचे दफ्तर पुन्हा उघडावे.